लांबच्या नात्यातल्या लग्नाला ‘येता येत नाही’ हे कसं कळवावं

माझा भाचा बंगळूरला नोकरी करतो. परवा रात्री त्याने मला एक मजकूर पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, हा अण्णामामांना पाठवतोय. ठीक आहे ना?” अण्णा म्हणजे आमचा मावसभाऊ, राहायला मिरजेला. माझं त्याच्याशी सख्ख्या भावासारखं येणंजाणं. पण भाच्याच्या बाजूने पाहिलं तर तो आईचा मावसभाऊ, चार लग्नकार्यांत भेटलेला, एरवी फारसा फोन नाही. अण्णाच्या धाकटीचं, सोनूचं लग्न गुरुवारी, १४ मेला आहे आणि भाच्याला जाणं खरोखरच शक्य नाही. मजकूर असा होता:

“नमस्कार मामा, पत्रिका मिळाली. १४ तारखेला गुरुवार आहे, त्यामुळे आम्ही येणार नाही. ऑफिसमध्ये रजा मिळत नाही, मुलांचे क्लास आहेत, आणि एका दिवसासाठी एवढ्या लांबून येणं परवडत नाही. पुढच्या वेळी नक्की येऊ. सोनूला शुभेच्छा.”

यात खोटं काहीच नाही आणि त्याच्या मनातही वाकडं काही नव्हतं. तरीही हे असंच गेलं असतं तर अण्णा आणि वहिनी दुखावले असते, आणि त्याला ते कधी कळलंही नसतं. आम्ही दोघांनी फोनवर बसून तो मजकूर बदलला. पहिल्यांदाच असं काही लिहायची वेळ आलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून तेच इथे क्रमाने सांगते.

आधी एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. लग्नघरात मेसेज एकटा माणूस मनात वाचत नाही. अण्णाकडे मी किती वेळा पाहिलंय: तो चष्मा लावतो, फोन लांब धरतो आणि मोठ्याने वाचतो. वहिनी पत्रिकांवर नावं घालत बसलेली असते, एखादी आत्या आलेली असते, नवरी मुलगी तिथेच वावरत असते. तुमचं प्रत्येक वाक्य त्या सगळ्यांच्या कानावर जाणार आहे. म्हणून पाठवण्याआधी मजकूर स्वतः मोठ्याने वाचा. “परवडत नाही” हे भाच्याला मी मोठ्याने वाचायला लावलं, तेव्हा तो वाक्याच्या मध्येच थांबला.

लिहिण्याआधी: घरी विचारा

पहिलं काम लिहिण्याचं नाहीच. निमंत्रण कुणाच्या नावाने आलंय आणि त्याला घरातून काय उत्तर गेलंय ते आधी बघा. लांबच्या नात्यात बहुतेक वेळा पत्रिका आईवडिलांच्या नावाने येते आणि मुलाला फोनवर वेगळं सांगितलं जातं. अण्णाने भाच्याला फोन केला होता, त्याच्या आदल्याच दिवशी त्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, उत्साहाच्या भरात “आम्ही सगळे येऊ” असं सांगून टाकलं होतं. हे भाच्याला माहीत नव्हतं. त्याचा नकार परस्पर पोचला असता तर माई खोटी पडली असती, आणि अण्णाला वाटलं असतं की मुलाला यायचंच नाही. म्हणून आधी आईला फोन, तिचं नि तुमचं एक ठरू दे, मग पुढचं.

त्याच फोनवर हेही विचारून घ्या की घरातून कोण जाणार आहे. तुमच्या निरोपात सगळ्यात मोठा आधार हाच असतो. आपल्याकडे निमंत्रण घराला असतं. घरातलं एक माणूस कार्याला उभं राहिलं की बाकीच्यांची गैरहजेरी बरीचशी झाकली जाते.

निमंत्रण कसं आलं तेही पाहा. नुसती पत्रिकेची फाइल व्हॉट्सअॅपवर आली असेल तर लिहिलेला निरोप पुरतो. फोन आला असेल तर आपणही आधी फोन करावा आणि तपशील नंतर लिहून पाठवावा. कुणी घरी येऊन हातावर अक्षत ठेवून गेलं असेल, तर नुसत्या मेसेजवर भागवू नये. भाच्याने आधी फोन केला होता, अण्णाने उचलला नाही. लग्नघरात हे चालायचंच. अशा वेळी निरोपात “फोन केला होता, लागला नाही” अशी खंत लिहीत बसू नका, ती तक्रारीसारखी वाचली जाते. निरोप पाठवा आणि दोन दिवसांनी पुन्हा फोन करा.

केव्हा पाठवायचा

पत्रिका आल्यावर पाच मिनिटांत ‘येत नाही’ गेलं तर विचारच केला नाही असं दिसतं. लग्नाच्या आदल्या दिवशी गेलं तर नुकसान होतं. मधली वेळ साधी आहे: दोन-तीन दिवसांत कळवा. जवळच्या गावचे पाहुणे जेवून परततात, पण बाहेरगावच्या चौघांसाठी लग्नघराला उतरायची सोय करावी लागते. लॉजची खोली किंवा शेजाऱ्यांची वरची खोली धरलेली असते, स्टेशनवर आणायला कोण जाणार ते ठरलेलं असतं. केटररला ताटांचा आकडा शेवटच्या काही दिवसांत सांगतात, खोल्यांचं त्याच्या कितीतरी आधी ठरतं. म्हणून तुम्ही जितक्या लांबून येणार असाल तितकं लवकर कळवायला हवं.

इथेच पुष्कळजण चुकतात. स्पष्ट ‘नाही’ म्हणणं जड जातं, म्हणून “बघतो”, “जमवतो”, “प्रयत्न करतो” असं सांगतात. बोलणाऱ्याला वाटतं आपण सूचित केलं. ऐकणारा मात्र मुलीचा बाप असतो, तो “जमवतो” याचा अर्थ ‘येतोय’ असाच घेतो आणि खोली धरून ठेवतो. ठरलं नसेल तर “रविवारपर्यंत नक्की सांगतो” असा वार द्या आणि त्या वारी सांगा.

निरोप त्या एका माणसालाच पाठवा. ‘परिवार’ किंवा ‘आपली माणसं’ अशा नावाच्या ग्रुपवर पत्रिका आली असली तरी तिथे नकार टाकू नका. तिथे एकाने लिहिलं की मागोमाग तिघंजण “आम्हालाही अवघड आहे” म्हणून लिहितात आणि मुलीच्या घरी तो सगळा दिवस तसाच जातो.

मायना आणि पहिली ओळ

आता लिहायला घेऊ. “नमस्कार मामा” चुकीचं नाही, पण लग्नपत्रिकेला उत्तर देताना थोडा मायना हवा. जुन्या पत्रांतलं ‘शि. सा. न. वि. वि.’ हल्ली फार लांबचं वाटतं. “ती. अण्णामामा आणि मामी, सा. नमस्कार” एवढं पुरे. मामींचं नाव विसरू नका. फोन मामांचा असला तरी लग्न दोघांच्या घरचं आहे, आणि लांबच्या नात्यात कोण कसं वागलं हे लक्षात ठेवण्याचं काम बहुधा मामीच करतात.

पहिली ओळ जपून लिहायची, कारण फोन न उघडता वर दिसते ती तेवढीच. तिथे नकार नको. भाच्याने लिहिलं होतं “पत्रिका मिळाली”. ही कार्यालयातली पोच झाली. पत्रिका पाहून काय वाटलं ते हवं, आणि “खूप आनंद झाला” एवढ्यावर न थांबता फक्त तुम्हीच लिहू शकाल असं एक वाक्य हवं. मी त्याला विचारलं, “सोनू तुला शेवटची कुठे आठवते?” तो म्हणाला, “माझ्या लग्नात. परकर-पोलकं घातलं होतं, ताटलीतून सगळ्यांना अक्षता वाटत फिरत होती. माझ्या सासऱ्यांना दोनदा दिल्या.” हे वाक्य सापडलं आणि निम्मं काम झालं. असा एक लहानसा प्रसंग लिहिला की माणूस आपल्याला खरंच ओळखतो हे त्या घराला दिसतं, आणि पुढचा नकार तुटक वाटत नाही. आठवण खरीच असू दे. मुलीला कधी पाहिलंच नसेल तर तिच्या आईवडिलांची, त्या घराची, तिथे जेवलेल्या एखाद्या पंगतीची आठवण चालेल.

नकाराचं वाक्य

सगळ्यात जास्त वेळ आम्ही या एका वाक्यावर घालवला, आणि इथे आपली मराठी फार मदत करते. “आम्ही येणार नाही” या वाक्यात ‘आम्ही’ कर्ता आहे. न येणं हा आमचा निर्णय, आमची इच्छा, असं ते ऐकू येतं. “आम्हाला येता येत नाही” म्हटलं की इच्छा बाजूला राहते आणि अडचण पुढे येते. “येणं जमत नाहीये” यातही तेच होतं, थोडं अधिक घरगुती बोलीत. “येणं शक्य होणार नाही” हे बरोबर असलं तरी सोसायटीच्या नोटिशीसारखं लागतं, लग्नघरी नको.

मऊपणा शब्दांच्या ठेवणीत असावा, अर्थामध्ये नको. “येता येईल असं वाटत नाही” लिहिलं की आशा शिल्लक राहते आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो, “मग ठरलं का?” कोण येत नाही तेही नेमकं लिहा. “आम्हा चौघांना येता येत नाही” असं म्हटलं की खोलीचा आणि ताटांचा हिशेब तिथेच सुटतो. आणि हे वाक्य एकदाच. पुढे पुन्हा माफी, पुन्हा खंत असं लिहीत गेलात की समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावी लागते.

कारण एकच

भाच्याने तीन कारणं दिली होती: रजा, मुलांचे क्लास आणि लांबचा प्रवास. तिन्ही खरी. पण तीन कारणं एकापुढे एक ठेवली की ती सबबींसारखी दिसतात, आणि त्यातलं जे कच्चं असतं त्यावरच बोट ठेवलं जातं. मे महिन्यात कसले क्लास, असं अण्णाने विचारलंच असतं. एकच कारण द्या, खरं द्या, एका वाक्यात द्या. त्या आठवड्यात ऑफिसातलं एक काम भाच्याच्या एकट्याच्या गळ्यात आहे, बंगळूरहून यायची एक रात्र नि जायची एक रात्र धरली तर दोन-तीन दिवस मोडतात, आणि तेवढी रजा मिळत नाही. यातलं ‘रजा मिळत नाही’ हे पुरतं.

“१४ तारखेला गुरुवार आहे” हे मी काढायलाच लावलं. वाचणाऱ्याला ते असं लागतं, की तुम्ही आडवार का निवडलात. वार कुणी निवडत नाही. चातुर्मासात मुहूर्त नसतात, उरलेल्या महिन्यांतले मोजके दिवस, त्यात दोन्ही पत्रिकांना चालणारा आणि कार्यालय रिकामं असलेला दिवस शोधताना मुलीच्या बापाची दमछाक झालेली असते.

पैशाचं कारण खरं असलं तरी निरोपात लिहू नये. “परवडत नाही” याचा दुसरा अर्थ ‘तुमच्या लग्नासाठी एवढा खर्च कशाला’ असा होतो, आणि कुणी फारच मनाला लावून घेणारं असेल तर तिकीट काढून द्यायला निघतं. तेव्हा ‘प्रवास जमत नाहीये’ म्हणावं. आजारपणाचंही तेच: “घरी प्रकृतीच्या कारणाने प्रवास जमत नाहीये” एवढंच, आजाराचं नाव नको. आणि घरात सुतक असेल, कुणी गेलं असेल, तर तो शब्द लग्नाच्या निरोपात येऊ देऊ नका. “घरी अडचण आहे” असं लिहिलं की जाणत्यांना कळतं. वाईट बातमी सांगायचीच असेल तर घरातल्या मोठ्यांकडून, कार्य उरकल्यावर. आणि जुना रुसवा हे खरं कारण असेल तर तो इथे काढू नका. रुसवा काढायची जागा लग्नाचा निरोप नव्हे.

खोटं कारण देऊ नका हे मी नैतिकतेपोटी सांगत नाही. मुलांचे फोटो आपोआप स्टेटसवर चढतात. १४ मेला ‘रजा नाही’ आणि १५ मेला कुर्गचा धबधबा, हे मिरजेत त्याच संध्याकाळी पोचतं.

‘पुढच्या वेळी’

हे दोन शब्द भाच्याने अगदी भाबडेपणाने लिहिले होते. एरवी वाढदिवसाला, गणपतीला आपण असं म्हणतोच. पण मुलीच्या लग्नाला पुढची वेळ नसते, नसावी. वहिनीने हे ऐकलं असतं तर तिच्या काळजात चर्र झालं असतं, आणि वडीलधारं कुणी बसलेलं असतं तर लगेच “काहीतरी बोलू नये” म्हणून हात जोडले असते. मंगलकार्याच्या निरोपात असे अभद्र अर्थ निघणारे शब्द शोधून काढून टाका.

त्याऐवजी भेटीचं काहीतरी नेमकं ठरवा. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे दिवाळसण, सोनू आणि जावई मिरजेला येणार. भाचा दिवाळीला पुण्याला आईकडे जातोच. वाटेत एक दिवस मिरजेला उतरणं त्याला सहज शक्य आहे. मी त्याला विचारलं, “खरंच उतरशील का?” तो हो म्हणाला, तेव्हाच ते लिहिलं. पाळता येणार नसेल तर भेटीचं वचन देऊच नका, नुसत्या शुभेच्छा पुऱ्या होतात.

आहेराचं

पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ किंवा ‘आपले आशीर्वाद हाच आहेर’ असं छापलं असेल तर ते मानायचं. तसं नसेल तर आहेर घरातून जाणाऱ्या माणसाच्या हाती द्या, पाकिटावर आपलं नाव घालून, ५०१ किंवा १,००१ असा वरचा रुपया धरून. नकाराच्या निरोपाला जोडून फोनवरून पैसे मात्र पाठवू नका. ‘येत नाही’ आणि लगेच पैसे जमा झाल्याचा मेसेज, हे एकामागोमाग आलं की हिशेब मिटवल्यासारखं दिसतं. पाठवायला दुसरं कुणीच नसेल तर लग्नाच्या दिवशी पाठवा आणि सोबत नवरीसाठी दोन शब्द लिहा. निरोपात आहेराचा उल्लेखच नको.

शेवट आणि सही

लांबच्या नातेवाइकाकडे तुमचा नंबर असेलच असं धरू नका, आणि असला तरी एकाच नावाचे तीन भाचे असतात. म्हणून खाली कोणाचा कोण ते लिहा. “माईचा थोरला, बंगळूर” म्हटलं की अण्णाला एका क्षणात कळतं.

सगळं मिळून निरोप असा तयार झाला:

“ती. अण्णामामा आणि मामी,
सा. नमस्कार.

सोनूच्या लग्नाची पत्रिका पाहून आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. आमच्या लग्नात परकर-पोलकं घालून ताटलीतून अक्षता वाटत फिरणारी सोनू अजून डोळ्यांसमोर आहे. तीच आता बोहल्यावर चढणार!

मामा, तुम्ही आठवणीने फोन केलात, बरं वाटलं. त्या आठवड्यात ऑफिसातलं एक काम माझ्या एकट्यावर आहे आणि रजा मिळत नाहीये, त्यामुळे आम्हा चौघांना लग्नाला येता येत नाही. याची मनाला रुखरुख आहे.

आई-बाबा १२ तारखेलाच तुमच्याकडे येत आहेत. काही काम असेल तर आईला हक्काने सांगा. दिवाळीत पुण्याला जाताना आम्ही मिरजेला उतरू, तेव्हा दिवाळसणाला आलेल्या सोनूला आणि जावईबापूंना भेटता येईल.

सोनूला आमचे अनेक आशीर्वाद. कार्य निर्विघ्न पार पडो.

तुमचा भाचा,
माईचा थोरला, बंगळूर”

मूळ मजकुरापेक्षा हा बराच मोठा आहे, आणि असावा. लग्नपत्रिकेला दोन ओळींत दिलेलं ‘नाही’ कितीही सभ्य शब्दांत असलं तरी घाईचं दिसतं. नातं याहूनही लांबचं असेल, नवरा-नवरी कुणालाच ओळखत नसाल, तर आठवणीचं वाक्य आणि दिवाळीचं वाक्य गाळा. मायना, आनंद, एक कारण, घरातून कोण येतंय आणि आशीर्वाद, एवढं ठेवा. निमंत्रण देणारा तुमच्या बरोबरीचा मामेभाऊ-चुलतभाऊ असेल तर मायना सोडून सरळ बोलीत लिहा, पण क्रम हाच.

पाठवल्यानंतर

आग्रह होणार हे धरून चाला. “अरे, एक दिवस तरी ये, मुलांना घेऊन ये” असं उत्तर येईल. ते तुमच्या कारणावरचं प्रश्नचिन्ह नसतं, यजमानाने एकदा तरी आग्रह करायचा असतो. त्यावर नवीन कारणं देऊ नका. “मामा, मनापासून यायचं होतं, पण या वेळी खरंच जमत नाहीये. आई-बाबा येतायत” एवढंच. दुसऱ्यांदा आग्रह झाला तर फोन करा, दोन मिनिटं बोला, मामींशीही बोला.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताच्या वेळेला फोन करू नका, कुणी उचलणार नाही आणि नंतर चुकलेल्या फोनांत तुमचं नाव हरवेल. सकाळी एक ओळ पाठवा. खरा फोन तीन-चार दिवसांनी करा. तोपर्यंत मांडव उतरलेला असतो, पाहुणे गेलेले असतात, मुलगी सासरी गेलेली असते आणि घर एकदम रिकामं वाटत असतं. त्या दिवसांत लग्न कसं झालं हे विचारणारा फोन आला की मामी अर्धा तास बोलतात.

अण्णाचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं: “बरं बाळा. माईला १२ ऐवजी ११ ला पाठव, हळदीची तयारी तिच्यावरच आहे.” भाच्याने मला विचारलं, यावर काय लिहू? मी म्हटलं, आधी आईला विचार, मग लिही.